एम४ची गोळी डोक्यात, तरी गडी उभा! सीएस२ मधलं डॅमेजचं गणित कुणी समजावेल का?

चिंट्या_मिरजकर

मंडळी, काल रात्रीपासून डोक्यात एक किडा वळवळतोय म्हणून धागा काढतोय.

डस्ट २, मी सीटी, लाँगवर उभा, हातात एम४ए४. समोरचा कोपऱ्यातून डोकावला. मी एकच गोळी झाडली. हेल्मेटवर बसल्याचा तो ‘टण्ण’ आवाज स्वच्छ ऐकला. मी मनातल्या मनात फटाके लावतोय तोवर त्यानं एकेच्या एका गोळीत मला झोपवलं. कन्सोल उघडून बघतो तर `86 in 1 hit`.

आता मला सांगा. एम४ए४चं डॅमेज ३३, डोक्याला चारपट, म्हणजे १३२. समोरच्याकडे आयुष्य १००. मग माझे ८६ कसे झाले? बाकीचे ४६ कुणी खाल्ले? आधी नेटवर संशय घेतला, पण पिंग चाळीसच्या आत होता.

आणि खरी गंमत पुढेच आहे. त्याच मॅचमध्ये दोन राउंड नंतर, तीच बंदूक, तसाच ‘टण्ण’, आणि तो मात्र एका गोळीत गेला. मग नियम काय?

बीजीएमआय_बाबू

सोपं आहे रे. हेल्मेट टक्केवारी खातं. आमच्याकडे लेव्हल १ चं हेल्मेट ३० टक्के कमी करतं, लेव्हल २ चं ४०, लेव्हल ३ चं ५५. म्हणूनच कार९८ लेव्हल २ वाल्याला एका गोळीत पाडते आणि लेव्हल ३ वाला वाचतो. सीएसमध्ये एकच हेल्मेट आहे, ते ३५ टक्के खात असणार. १३२ चे ६५ टक्के काढ, ८५.८ येतात. गोळाबेरीज ८६. धागा बंद करा.

मोरपंखी

थांब, इतक्यात कुलूप नको लावू. तुझाच हिशोब एकेला लाव. एकेचं डॅमेज ३६, चारपट १४४. त्यातले ३५ टक्के गेले की राहतात साधारण ९३. म्हणजे एकेनंसुद्धा हेल्मेटवाला मरायला नको. पण चिंट्याही हेल्मेट घालूनच होता ना? तो तर एका गोळीत गेला. तेव्हा ३५ टक्के हा आकडा चिंट्याच्या ८६ वरून उलटा काढलेला आहे, खेळातला नाही.

चिंट्या, तुझ्याकडे हेल्मेट होतं ना नक्की?

चिंट्या_मिरजकर

होतं ताई. हजाराचं पूर्ण घेतलं होतं, केव्हलर अधिक हेल्मेट.

जुना_सर्व्हरवाला

मोरपंखी बरोबर दिशेला आहे. बाबूचं अर्धं बरोबर आहे, टक्केवारीच आहे, पण ती हेल्मेटची नाही, बंदुकीची आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये चिलखत सगळ्यांचं सारखंच. त्यातून किती पार जायचं हे प्रत्येक बंदुकीच्या नावावर लिहिलेलं असतं. एकेचं ७७.५ टक्के, दोन्ही एम४चं ७०, यूएसपीचं साधारण अर्धं, ग्लॉकचं ४७, आणि एडब्ल्यूपीचं ९७.५.

हिशोब असा चालतो:

```
dmg    = base * hitgroup * range_mod ^ (distance / 500)
health = dmg * armor_ratio / 2
armor  = (dmg - health) * 0.5
```

`armor_ratio` फाइलमध्ये दुपटीनं लिहिलेला असतो, एकेचा 1.55, एम४चा 1.4. म्हणून खाली दोननं भागलंय. शेवटी अपूर्णांक छाटला जातो, गोळाबेरीज नाही. ९२.९ आलं तरी ९२ च.

आता तुझी गोळी घे. ३३ गुणिले ४, १३२. त्याचे ७० टक्के, ९२.४. म्हणजे नळी टेकवून मारलीस तरी हेल्मेटवाल्याला ९२ च लागणार आणि तो ८ वर उभा राहणार. एम४ए४ जवळूनसुद्धा धडधाकट हेल्मेटवाल्याला एका गोळीत मारत नाही, ही पहिली गोष्ट डोक्यात घाल. एकेचं बघ: १४४ चे ७७.५ टक्के, १११.६. म्हणून तू गेलास. मूळ डॅमेजमधला फरक फक्त ३ चा, पण तो आधी चारानं गुणला जातो आणि वर पार जाण्याची टक्केवारीही जास्त. दोन्ही मिळून शंभरची रेघ मधोमध येते, एक बंदूक अलीकडे राहते आणि एक पलीकडे जाते.

राहिलं ९२ पासून ८६ पर्यंतचं अंतर. ते लाँगचं अंतर आहे, शब्दशः. एम४ए४चं डॅमेज दर ५०० युनिटला ०.९७ नं गुणलं जातं. उलटं सोडवलं तर ८६ दिसायला तो तुझ्यापासून ९९० ते ११८० युनिटच्या दरम्यान कुठेतरी असला पाहिजे. एकेचा हाच आकडा ०.९८. तेवढ्याच अंतरावरून त्याची गोळी तुला १०६-१०७ लागली असणार. १०० च्या खाली यायला एकेला साधारण २७०० युनिट लांब जावं लागतं, आणि तेवढ्या लांबून एकमेकांवर गोळ्या झाडण्याचा प्रसंग फारच क्वचित येतो.

गोट्या_९५

पेनिट्रेशनचा विषय निघालाच आहे तर, परवा मिड डोअरमधून एडब्ल्यूपीनं मारली. लाकडी दार आहे, आरपार जायला हवी ना? लागली पण मेला नाही. ९७.५ टक्के असून?

जुना_सर्व्हरवाला

गोट्या, ते वेगळं पेनिट्रेशन. भिंत-दार भेदण्याची ताकद हा बंदुकीचा स्वतंत्र आकडा आहे आणि तो दाराच्या जाडीवर आणि कशाचं बनलंय त्यावर डॅमेज कापतो. ते कापून झाल्यावर उरलेलं चिलखताकडे येतं, आणि तुझे ९७.५ टक्के त्या उरलेल्यातले. वेगळा धागा काढ, तिथे बोलू.

आळशी_मांजर

मी व्हॅलोरंटवाली, त्यामुळे मला हे सगळं उगाच क्लिष्ट वाटतं 🙂 आमच्याकडे हेवी शील्ड घेतली की १०० चे सरळ १५० होतात. व्हँडलचा हेडशॉट १६०, म्हणजे मेला. शरीरावर ४०, म्हणजे चार गोळ्या. कुठली बंदूक शील्डमधून किती पार जाते वगैरे काही नाही.

मोरपंखी

हो, पण त्यामुळेच फरक कळतो बघ. तुमच्या शील्डला एक ठरावीक थैली आहे, ती संपली की संपली. पिस्तुलाची गोळी असो की रायफलची, थैलीतून सारखाच माल काढते. इथे तसं नाही. ग्लॉकची डोक्यातली गोळी बिनहेल्मेटवाल्याला १२०, हेल्मेटवाल्याला ५६. निम्म्याहून खाली! एडब्ल्यूपीला मात्र हेल्मेट आहे की नाही काही फरक नाही. म्हणजे इथे ३५० रुपड्यांचं हेल्मेट किती कामाचं हे समोरच्याच्या हातात काय आहे त्यावर ठरतं.

(डॉलर म्हणा हवं तर. आमच्याकडे रुपडेच म्हणतात.)

बीजीएमआय_बाबू

मान्य, माझी ३५ टक्के माघार. पण एक शंका. एम४ए१-एस चं डॅमेज ३८ आहे ना? मग ३८ गुणिले ४, १५२. त्याचे ७० टक्के १०६. म्हणजे सायलेन्सरवाली एम४ हेल्मेटवाल्याला मारते! चिंट्या, बंदूक बदल.

जुना_सर्व्हरवाला

या सापळ्यात मीही पडलो होतो. २०२१ च्या सप्टेंबरात तिचं डॅमेज ३३ वरून ३८ केलं तेव्हा मीही हाच गुणाकार करून खूश झालो होतो. मैदानात उतरलो तर हेल्मेटवाला तसाच उभा.

कारण तिला डोक्याचा गुणक वेगळा आहे, चार नाही, ३.४७५. आता करून बघ: ३८ गुणिले ३.४७५ म्हणजे १३२ आणि किंचित. त्याचे ७० टक्के, ९२.४. एम४ए४ च्या बरोब्बर शेजारी आणून ठेवलंय. पायाला-पोटाला वाढवलं, डोक्याला आहे तिथेच ठेवलं. माझ्या मते हे मुद्दाम ९२ वर बेतलेलं आहे, कारण ३.४७५ असा आकडा कुणी सहज म्हणून लिहीत नाही. पण हा माझा तर्क.

आणि अंतरावर ती लवकर ढेपाळते, दर ५०० युनिटला ०.९४. चिंट्याच्या जागेवरून तिनं ८१ च्या आसपासच लागली असती.

मोरपंखी

‘चारपट’ हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं आणि तिथेच घोळ होतो. आपण बंदुकीच्या कार्डावरचा एक आकडा उचलतो आणि दुसरा गृहीत धरतो.

दादा, पायाचं सांगा ना. आमच्या ग्रुपमध्ये एकजण छातीठोक सांगतो की पायावर मारणं म्हणजे गोळी वाया.

जुना_सर्व्हरवाला

त्याला सर्व्हरवर बोलवा, मी दाखवतो.

पायाचा गुणक ०.७५, छाती आणि हातांचा १, पोटाचा १.२५. नुसतं हे बघितलं तर तुमचा मित्र बरोबर. पण केव्हलर पाय झाकत नाही. छाती, हात, पोट झाकतं. म्हणून एम४ए४ नं केव्हलरवाल्याच्या छातीत मारली तर ३३ चे ७० टक्के, २३. पायावर मारली तर ३३ गुणिले ०.७५, २४, आणि त्यावर कसलीच कपात नाही. पाय एकानं जास्त! एकेला तर दोन्हीकडे २७.

पोट सगळ्यात भारी. एम४ए४ नं २८, एकेनं ३४. फवारा मारताना नेम छातीवरून थोडा खाली आला तर घाबरू नका.

चिंट्या_मिरजकर

डोकं गरगरलं, पण कळतंय. आता माझा दुसरा प्रश्न? तो एका गोळीत का गेला?

आळशी_मांजर

हेल्मेटच नसेल त्याच्याकडे. १३२ लागले, मेला. विषय संपला.

चिंट्या_मिरजकर

पण ‘टण्ण’ आवाज आला होता! आणि तो दोन राउंड जिवंत राहिलेला गडी होता, आधीपासून हेल्मेट होतंच. त्या राउंडला त्यानं चिलखत पुन्हा घेतलं नाही असं मला वाटतं, पैसे नव्हते त्यांच्याकडे.

जुना_सर्व्हरवाला

चिलखत परत घेतलं नाही म्हणतोस तर एक शक्यता आहे. चिलखतही झिजतं. अडवलेल्या डॅमेजच्या निम्मं त्याच्यातून वजा होतं. एम४च्या डोक्यातल्या गोळीनं १३२ पैकी साधारण ४० अडवले, म्हणजे चिलखत १९ नं उतरतं. पण चिलखतात तेवढे उरलेच नसतील तर? मग ते आहे तेवढंच अडवतं, प्रत्येक पॉइंटमागे दोन डॅमेज, आणि बाकी सगळं सरळ आयुष्यावर. समज चिलखत १२ उरलंय. ते २४ अडवणार. १३२ वजा २४, १०८. मेला. जवळून मारलं तर चिलखत १६ किंवा खाली असलं की हेल्मेट असूनही एम४ए४ एका गोळीत मारते.

मोरपंखी

दादा, हे पटत नाही. म्हणजे सूत्र पटलं, पण हा गडी १६ वर येणार कसा? हिशोब करा. एम४ची छातीतली गोळी आयुष्यातून २३ घेते आणि चिलखतातून ४. आयुष्य संपेस्तोवर चिलखत फार तर १६-१७ नं उतरेल. एका राउंडला १०० चं १६ व्हायला माणूस मेलेलाच असला पाहिजे. दर राउंडला मरणाच्या दारातून परत येत, आणि चिलखत न घेता, असे चार-पाच राउंड काढावे लागतील. चिंट्या म्हणतोय दोन.

जुना_सर्व्हरवाला

हं. रायफलनं नाही उतरणार, खरंय. पिस्तुलं जास्त झिजवतात. ग्लॉकची छातीतली गोळी आयुष्याला १४ आणि चिलखताला ७-८. पण समोरचे टी होते, म्हणजे त्यांच्यावर ग्लॉक कोण झाडणार. यूएसपीनंही दोन राउंडांत ८४ उतरवणं अवघड. बरं, ग्रेनेड? एचई जवळ फुटला तर बिनचिलखतवाल्याला ९८, चिलखतवाल्याला ५७. म्हणजे ४१ अडवले, चिलखत २० नं उतरलं. तरी पुरत नाही. तुझा मुद्दा मान्य, शक्य आहे पण लाखात एक.

बीजीएमआय_बाबू

मग गडी आधीच जखमी असेल. साधी गोष्ट.

चिंट्या_मिरजकर

पण आमच्यापैकी कुणीही त्याच्यावर गोळी झाडली नव्हती. फक्त आमच्या एका पोरानं सुरुवातीला लाँगच्या दारात इन्सेन्डियरी टाकली होती, ती तर सगळेच टाकतात.

मोरपंखी

😀 अरे मग तेच की! आग चिलखताला विचारतच नाही.

जुना_सर्व्हरवाला

बरोबर पकडलंस. मी बंदुकांतच अडकलो होतो. खेळात प्रत्येक डॅमेजवर एक शिक्का असतो: गोळी, स्फोट, सुरी, आग, पडणं. चिलखत फक्त गोळी, स्फोट आणि सुरी-माराच्या शिक्क्यांना अडवतं. आग आणि उंचावरून पडणं थेट आयुष्यावर. म्हणून आगीतून पळत बाहेर आलेल्याचं चिलखत १०० च दिसतं, हेल्मेटही शाबूत, गोळी लागली की आवाजही ‘टण्ण’ च येतो, आणि आयुष्य मात्र ७०-८० वर आलेलं असतं. त्याच्या डोक्यात एम४चे ८६ पुरेसे.

तुला बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. म्हणून तुला वाटलं नियम बदलला.

चिंट्या_मिरजकर

म्हणजे तो आगीत होरपळलेला होता?

मोरपंखी

असेल. नक्की कोण सांगणार. डेमो आहे का?

चिंट्या_मिरजकर

नाही ना. कॅफेच्या मशीनवर खेळत होतो.

जुना_सर्व्हरवाला

मग तो वाद सोड. पण पहिल्या गोळीचं तू स्वतः तपासू शकतोस. घरी ऑफलाइन बॉटबरोबर:

```
sv_cheats 1
mp_free_armor 2
bot_stop 1
cl_showpos 1
mp_restartgame 1
```

`mp_free_armor 2` म्हणजे केव्हलर आणि हेल्मेट दोन्ही फुकट. रीस्टार्ट शेवटी देण्याचं कारण, चिलखत जन्मताना मिळतं. आधीच उभ्या असलेल्या बॉटला ते नसतं. `bot_place` नं बॉट हवा तिथे ठेव, त्याआधी स्वतः तिथे उभा राहून `cl_showpos` चे आकडे लिहून घे. मग सरळ रेषेत मागे जा. दर गोळीला नवा बॉट घे, जखमीवर पुन्हा मारू नकोस.

आळशी_मांजर

हे सगळं करण्यापेक्षा दोन गोळ्या मारायच्या ना 🙄

गोट्या_९५

मांजरताईशी सहमत. तसंही मी तर सीटी असताना हेल्मेट घेतच नाही. एके काय, हेल्मेट असो नसो मरणारच. ३५० वाचतात, त्यात एक स्मोक येतो.

मोरपंखी

गोट्या, हे एकेपुरतं बरोबर. पण समोरच्याकडे गॅलिल आली की? गॅलिलचं डॅमेज ३०, पार जाणं एकेइतकंच. बिनहेल्मेट १२०, गेलास. हेल्मेट असेल तर ९३, वाचलास. मॅक-१० चं तर हेल्मेटवर ६६ च लागतं. टी लोकांकडे पैसे कमी असतील त्या राउंडला हेच घेऊन येतात ना? म्हणजे नेमकं त्याच वेळी तू उघड्या डोक्यानं उभा.

गोट्या_९५

त्यांच्याकडे पैसे कमी आहेत हे स्कोअर बघून कळतं की. भरल्या राउंडला मी हेल्मेट सोडतो, एवढंच म्हणतोय.

मोरपंखी

आणि भरल्या राउंडला पाचातल्या एकानं गॅलिल घेतली तर?

गोट्या_९५

तर त्या एकाकडून मरेन. चारांसाठी स्मोक तर आला हातात.

जुना_सर्व्हरवाला

ह्यावर आमच्या कोल्हापूरच्या लॅनवर चहाचे किती ग्लास संपले असतील मोजदाद नाही, आणि निकाल लागला नाही. केव्हलर मात्र कुणी सोडू नका. त्याच्याशिवाय एकेची छातीतली गोळी ३६, तीन गोळ्यांत गेलात. असेल तर २७, चार लागतात.

चिंट्या_मिरजकर

मंडळी, करून बघितलं. पहिले दोन बॉट एका गोळीत पडले तेव्हा तुम्हा सगळ्यांना शिव्या द्यायला परत येणार होतो, मग लक्षात आलं रीस्टार्ट द्यायला विसरलो होतो, चिलखतच नव्हतं त्यांना.

दुसऱ्यांदा नीट केलं. तोंडासमोर ९२. मागे जात जात ९०० युनिटवर ८७. १०६० वर ८६. १३०० वर ८५. एकेनं सगळीकडून एकाच गोळीत.

मग डस्ट २ लावून परवा मी होतो तिथे उभा राहिलो आणि तो गडी डोकावला तिथे बॉट ठेवला. ८६.

आता त्या इन्सेन्डियरीवाल्या पोराला फोन करतो, त्याला आठवतंय का बघतो.

मोरपंखी

त्याला आठवेल की नाही माहीत नाही, पण किल माझाच होता असं नक्की म्हणेल.